मीटरपासून शाफ्टपर्यंत

साडेसात किलोवॉटची इंडक्शन मोटर पूर्ण भारावर चालत असताना तिच्या पुरवठ्यावर वॉटमीटर लावला, तर तो साडेआठ किलोवॉटच्या आसपास आकडा दाखवतो. नेमप्लेटवर लिहिलेले साडेसात किलोवॉट शाफ्टवर मिळतात. मीटर मोजतो ती आत शिरणारी शक्ती. मधले हजारभर वॉट मोटरच्या आतच उष्णता होऊन जातात, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते नेमके कुठे, किती आणि कशामुळे जातात, हे मात्र रोज मोटरशी गाठ पडणाऱ्यांपैकीही थोड्यांनीच कधी मोजून पाहिलेले असते. ही पुस्तिका त्या मोजणीची आहे. डिप्लोमाला मशीन लॅब करणारी मुले, रिवाइंडिंगची दुकाने चालवणारे कारागीर आणि कारखान्यांतले मेंटेनन्सचे लोक असे तिन्ही वाचक लिहिताना माझ्यासमोर होते.

प्रस्तावनेत मी एकच मोटर घेतो आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत नेतो. मोटर आहे चार पोलची, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, डेल्टा जोडणीची, साडेसात किलोवॉटची. दुकानात जिला दहा एचपी म्हणतात ती. आकडे नमुन्याचे आहेत, पण या मापाच्या जरा जुन्या पिंजरा रोटरच्या मोटरवर असेच आकडे मिळतात. पुढे प्रत्येक प्रकरणात हीच मोटर पुन्हा भेटेल.

शक्तीचा मार्ग आधी नजरेखालून घालू. वीज प्रथम स्टेटरच्या वाइंडिंगमध्ये शिरते, आणि तारेला रेझिस्टन्स असल्याने तिथे काही शक्ती तार तापवण्यात जाते. हा स्टेटरचा कॉपर लॉस. त्याच करंटने उभे केलेले चुंबकीय क्षेत्र स्टेटरच्या पत्र्यांमध्ये सेकंदाला पन्नास आवर्तने घेते. प्रत्येक आवर्तनात लोखंडाची चुंबकीय दिशा उलटवायला काही शक्ती लागते, आणि पत्र्यांच्या जाडीत फिरणाऱ्या एडी करंटमध्ये आणखी काही जाते. हे दोन्ही मिळून कोअर लॉस. उरलेली शक्ती हवेच्या फटीतून रोटरवर उतरते. रोटरच्या सळ्यांत करंट वाहतो, तिथे रोटरचा कॉपर लॉस होतो. त्यापुढे शक्तीचे रूप यांत्रिक झालेले असते. त्यातून बेअरिंगचे घर्षण आणि मागच्या पंख्याने ढकललेला वारा यांचा वाटा गेला, की बाकीची शाफ्टवरून पट्ट्याला किंवा कपलिंगला मिळते.

हा क्रम पाठ करायला सोपा आहे. चारही लॉस परीक्षेत ओळीने लिहिले जातात आणि त्यामुळे ते एकाच जातीचे वाटतात. तसे ते नाहीत. स्टेटरचा कॉपर लॉस, कोअर लॉस आणि घर्षण यांच्यासाठी आपल्याला काही ना काही मोजावे लागते: रेझिस्टन्स, करंट, नो-लोडची वॉट. रोटरचा कॉपर लॉस मात्र असा थेट मोजताच येत नाही. पिंजऱ्याच्या सळ्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडून बंद केलेल्या असतात. त्यांना मीटर लावायला जागाच नाही. तरीही चौघांत सगळ्यात नेमका नियम त्याचाच आहे, आणि तो नियम हवेच्या फटीत दडलेला आहे. माझ्या मते ही मोटर समजली की नाही, याची कसोटी तो नियम का खरा आहे हे सांगता येण्यात आहे.

आपल्या मोटरची फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. फटीच्या एका बाजूला स्टेटरने निर्माण केलेले फिरते चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेत आहे. दुसऱ्या बाजूला रोटर १४५५ फेऱ्यांनी फिरतो आहे. क्षेत्र रोटरला जेवढ्या टॉर्कने ओढते, तेवढ्याच टॉर्कने रोटर क्षेत्राला मागे खेचतो. दोन्ही बाजूंचा टॉर्क समान, वेग मात्र वेगळे. घाट चढताना ट्रकवाला क्लच अर्धा दाबून धरतो तेव्हा हेच घडते: इंजिनकडच्या चकतीवरचा टॉर्क आणि चाकांकडच्या चकतीवरचा टॉर्क एकच असतो, वेगात फरक असतो, आणि त्या फरकाइतकी शक्ती क्लच प्लेट तापवते.

शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. तेव्हा फटीतून पलीकडे जाणारी शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले क्षेत्राचा वेग, आणि त्यातली यांत्रिक होणारी शक्ती म्हणजे तोच टॉर्क गुणिले रोटरचा वेग. वजाबाकी केली की उरते टॉर्क गुणिले दोन वेगांतला फरक, आणि ही शक्ती जायला रोटरच्या सळ्यांखेरीज दुसरी वाट नाही. १५०० मधून १४५५ वजा जाता ४५ फेरे उरतात, म्हणजे तीन टक्के. ही स्लिप. म्हणून फटीतून आलेल्या शक्तीतले तीन टक्के रोटरच्या कॉपर लॉसमध्ये जातात आणि सत्त्याण्णव टक्के यांत्रिक होतात. सळ्यांचा रेझिस्टन्स किती, करंट किती, काहीही ठाऊक नसले तरी हे खरे आहे. सळ्यांचा रेझिस्टन्स कमी केला तर लॉस कमी होईल, पण तो कमी होण्याचा मार्ग स्लिपमधूनच जातो: तोच टॉर्क द्यायला रोटर कमी मागे पडेल.

याचा कठोर अर्थ मोटर सुरू होताना कळतो. रोटर अजून हललेला नसतो, स्लिप शंभर टक्के असते, आणि फटीतून येणारी सगळीच्या सगळी शक्ती सळ्या तापवते. समजा शाफ्टवर ४ किलोग्रॅम-वर्गमीटर जडत्वाचा ब्लोअर आहे. तो पूर्ण वेगाला आला की त्याच्यात साधारण ४९ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. वाऱ्याचा भार बाजूला ठेवला तरी तेवढ्या वेळात रोटरमध्येही तेवढीच, ४९ किलोज्यूल, उष्णता झालेली असते. स्टार्टर बदलून हा आकडा कमी होत नाही. स्टार-डेल्टाने लाइनवरचा करंट कमी होतो, सुरू व्हायला वेळ जास्त लागतो, आणि रोटरमधली उष्णता तेवढीच राहते. तासाला दहा वेळा चालू-बंद होणाऱ्या मोटरचा रोटर जळालेला दिसतो त्याचे मूळ इथे आहे. फ्रीक्वेन्सी हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह लावला तर मात्र क्षेत्रच रोटरच्या जरासे पुढे चालते, स्लिप मोठी होतच नाही, आणि हिशेब बदलतो.

आता आपली मोटर टेस्ट बेंचवर घेऊ. पूर्ण भारावर मीटर दाखवतात: इनपुट ८६०० वॉट, लाइन करंट १४.३ अँपिअर, वेग १४५५. भार काढून मोटर थांबवली आणि दोन टर्मिनलांमधला रेझिस्टन्स मोजायचा आहे. थंड असताना, ३० अंशांना, तो ०.९४ ओहम भरला होता. चालून वाइंडिंग ७५ अंशांपर्यंत तापले, तर तांब्यासाठी २३५ अधिक तापमान या प्रमाणात तो वाढतो; ३१० भागिले २६५ ने गुणले की १.१० ओहम येतो. थंड रेझिस्टन्स वापरून हिशेब मांडणे ही सर्वांत सर्रास दिसणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे स्टेटरचा कॉपर लॉस सुमारे पंधरा टक्के कमी दिसतो.

दोन टर्मिनलांमधला रेझिस्टन्स आणि लाइन करंट हातात असेल, तर जोडणी स्टार आहे की डेल्टा याची चिंता करावी लागत नाही. दोन्ही बाबतींत तिन्ही फेजचा मिळून लॉस दीड गुणिले करंटचा वर्ग गुणिले हा रेझिस्टन्स इतकाच येतो. आपल्या मोटरसाठी १.५ × १४.३ × १४.३ × १.१०, म्हणजे ३३७ वॉट.

पुढचा आकडा कोअर लॉसचा, आणि तो नो-लोड टेस्टमधून येतो. शाफ्ट मोकळा ठेवून ४१५ व्होल्टवर मोटर चालवली. करंट ६ अँपिअर, इनपुट ३९० वॉट. हे ३९० वॉट मिळवण्याच्या जागी मी मुलांना नेहमी थांबवतो. मोकळ्या मोटरचा पॉवर फॅक्टर इथे जेमतेम ०.०९ आहे. दोन वॉटमीटरच्या पद्धतीत एक मीटर १४३५ वॉट दाखवतो आणि दुसऱ्याचा काटा शून्याच्या मागे जाऊन अडतो. त्याची एक कॉइल उलटी जोडली की तो १०४५ दाखवतो. ही १०४५ वजा करायची असते. काटा पुढे आला म्हणून बेरीज केली, तर इनपुट २४८० वॉट निघेल आणि मोकळी फिरणारी मोटर अडीच किलोवॉट खाते असे वहीत लिहिले जाईल. अशी वही मी पाहिलेली आहे, आणि त्याखाली सहीही होती. चिन्ह बरोबर घेतले तरी एक धोका उरतोच: दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढतो आहोत, त्यामुळे एखाद्या मीटरमधली पंधरा वॉटची चूकही ३९० मध्ये जवळजवळ चार टक्के होते. म्हणूनच या टेस्टला लो पॉवर फॅक्टरचा वॉटमीटर किंवा चांगला डिजिटल ॲनलायझर हवा.

३९० वॉटमधून नो-लोड करंटचा कॉपर लॉस काढून टाकू: १.५ × ६ × ६ × १.१०, म्हणजे ५९ वॉट. रोटरमध्ये जवळजवळ करंट नसतो, कारण स्लिप शून्याच्या अगदी जवळ असते. उरले ३३१ वॉट. यात कोअर लॉस आणि घर्षण-वारा एकत्र आहेत, आणि एकाच रीडिंगवरून ते वेगळे होणार नाहीत. वेगळे करायची युक्ती अशी, की मोटर मोकळीच ठेवून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करत जायचे. वेग जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे बेअरिंग आणि पंखा यांना काही कळत नाही. त्यांचा वाटा जिथल्या तिथे राहतो. पत्र्यांमधला फ्लक्स मात्र व्होल्टेजबरोबर उतरतो आणि कोअर लॉस साधारण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो.

आपल्या मोटरवर २४९ व्होल्टला, म्हणजे साठ टक्क्यांना, कॉपर लॉस काढून उरतात १७१ वॉट. १६६ व्होल्टला, चाळीस टक्क्यांना, उरतात १२१. आलेखाच्या आडव्या अक्षावर व्होल्टेजचा वर्ग आणि उभ्या अक्षावर ही वॉट मांडली, की बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे वाढवून शून्य व्होल्टेजला जिथे टेकते, तिथे ८१ वॉट वाचता येतात. शून्य व्होल्टेजला मोटर फिरणार नाही हे उघड आहे. पण वेग तोच ठेवून चुंबकीय क्षेत्र काढून घेतले असते तर काय उरले असते, हे ती रेषा सांगते. ८१ वॉट घर्षण आणि वारा, बाकीचे २५० वॉट कोअर लॉस.

रेषेवर जास्त विसंबायचेही नाही. तीस टक्क्यांच्या खाली व्होल्टेज नेले तर मोकळ्या मोटरचीही स्लिप वाढू लागते, वेग ढळतो, करंट उलट वाढायला लागतो आणि बिंदू रेषा सोडून वर जातात. दुसऱ्या टोकाला, पूर्ण व्होल्टेजच्या जवळ, लोखंड सॅच्युरेशनकडे झुकते आणि तिथेही रेषा वर वळते. म्हणून घर्षण काढायला साठ ते तीस टक्क्यांमधले बिंदू वापरायचे, आणि कोअर लॉस प्रत्यक्ष चालत्या व्होल्टेजवरच्या रीडिंगमधून घर्षण वजा करून घ्यायचा.

आता साखळी जोडता येते. ८६०० मधून स्टेटरचा कॉपर लॉस ३३७ आणि कोअर लॉस २५० वजा केले, की फटीतून जाणारी शक्ती ८०१३ वॉट. तिचे तीन टक्के, २४० वॉट, रोटरच्या सळ्यांत. उरले ७७७३ वॉट, यांत्रिक. त्यातून घर्षण आणि वारा ८१ गेले, ७६९२ राहिले. आणि यातूनही एक वाटा जायचा आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

इथे वाचकाला एक अडचण हमखास येईल, ती आधीच सांगतो. काही पुस्तके कोअर लॉस फटीच्या आधी वजा करतात, जसा मी केला. काही पुस्तके कोअर लॉस आणि घर्षण एकत्र बांधून 'रोटेशनल लॉस' म्हणून शेवटी वजा करतात. दुसऱ्या पद्धतीने फटीतली शक्ती ८२६३ वॉट येते आणि रोटरचा कॉपर लॉस २४८. दोन पुस्तकांची उत्तरे आठ वॉटनी वेगळी आली म्हणून मुले गोंधळतात आणि आपलेच गणित पुन्हा पुन्हा तपासत बसतात. दुसऱ्या पद्धतीमागे विचार आहे: मोटर वेग घेऊ लागते तसे घर्षण वाढते आणि रोटरच्या लोखंडातला लॉस कमी होतो, त्यामुळे दोघांची बेरीज फारशी हलत नाही. पण चालत्या मोटरमध्ये रोटरला जाणवणारी फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झचे तीन टक्के, म्हणजे अवघी दीड हर्ट्झ असते. रोटरच्या लोखंडात तेव्हा जवळजवळ काहीच जात नाही. कोअर लॉस होतो तो स्टेटरमध्ये, फटीच्या अलीकडे. जिथे होतो तिथेच तो वजा करावा, असे माझे मत आहे, आणि या पुस्तिकेत सगळीकडे तसेच केले आहे.

रोटरचा आकडा स्लिपवर टांगलेला आहे, म्हणून स्लिप मोजण्यात हयगय चालत नाही. टॅकोमीटर पाच फेऱ्यांनी चुकला तर १४५५ मध्ये ती चूक नगण्य वाटते. पण ४५ मध्ये ती पाच आहे. रोटरच्या कॉपर लॉसमध्ये २७ वॉटची चूक झाली. याहून फसवी गोष्ट म्हणजे फ्रीक्वेन्सी. ग्रिड त्या क्षणी ४९.८ हर्ट्झवर असेल, तर क्षेत्राचा वेग १४९४ आहे. रोटर १४५५ वर फिरत असताना खरी स्लिप ३९ फेऱ्यांची, २.६ टक्के. वहीत मात्र सवयीने १५०० लिहिले जाते आणि लॉस २०९ ऐवजी २४० येतो. शक्य असेल तिथे स्लिप थेट मोजावी. शाफ्टच्या टोकावर खडूची एक खूण करून त्यावर लाइनच्याच फ्रीक्वेन्सीने उघडझाप करणारा स्ट्रोबोस्कोप मारला, की चार पोलच्या मोटरवर समोरासमोर दोन खुणा दिसतात आणि त्या हळूहळू उलट्या सरकत जातात. एका खुणेचे मिनिटातले फेरे घड्याळ लावून मोजले की तीच स्लिप, आणि ग्रिड खालीवर झाली तरी हिशेब बिघडत नाही.

लॉस असे वेगळे काढले, की बिघाडही आपापल्या जागी दिसू लागतात. एकूण इनपुट वाढले एवढे कळून रिवाइंडरला काही करता येत नाही. जळालेली मोटर दुकानात आली, जुने वाइंडिंग निघावे म्हणून स्टेटर भट्टीत किंवा सरळ गॅसच्या ज्योतीवर भाजला, आणि तापमान हाताबाहेर गेले, तर पत्र्यांमधला इन्सुलेशनचा थर जळतो. पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, एडी करंटला मोठी वाट मिळते. वाइंडिंग कितीही सुबक भरले तरी ती मोटर पहिल्यासारखी चालत नाही. मोकळी फिरतानाच अंग गरम लागते. नो-लोडच्या आलेखावर या मोटरची रेषा पूर्वीपेक्षा जास्त चढी येते, पण शून्याला टेकते तिथेच, ८१ वर. आता उलट उदाहरण. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरले, किंवा एंड कव्हर किंचित तिरके बसले. रेषेचा चढ तोच राहतो आणि अख्खी रेषा उचलली जाते. शून्याला ती १२० किंवा १४० वर टेकते. एका आलेखावर दोन दुखणी दोन वेगळ्या खुणा सोडतात. यासाठी दुकानात तीन फेजचा व्हेरिॲक आणि वॉटमीटर लागतो, आणि मोटर नवी असताना काढलेला आलेख जपून ठेवलेला लागतो.

तार थोडी बारीक वापरली, तर रेषेत फारसे काही दिसणार नाही. टर्मिनलांमधला रेझिस्टन्स ०.९४ ऐवजी १.०५ भरेल आणि पूर्ण भारावर स्टेटरचा लॉस त्या प्रमाणात वाढेल. सळी तुटली असेल तर नो-लोडला जवळजवळ काहीच कळत नाही, कारण तेव्हा सळ्यांत करंटच नसतो. भार दिला की स्लिप वाढलेली दिसते आणि ॲमीटरचा काटा स्लिपच्या फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट तालाने डोलतो, आपल्या मोटरमध्ये सेकंदाला साधारण तीन वेळा. ॲनलायझरवर तोच डोल ५० हर्ट्झच्या दोन बाजूंना, ४७ आणि ५३ वर, छोट्या शिखरांसारखा दिसतो.

गावाकडच्या वाचकांसाठी एक प्रसंग वेगळा मांडतो. फीडरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या विहिरीवर व्होल्टेज ३३२ पर्यंत, म्हणजे ऐंशी टक्क्यांवर उतरले, आणि भार तेवढाच आहे असे धरले. तेवढाच टॉर्क द्यायला फटीतून साधारण तेवढीच शक्ती जावी लागते. पण क्षेत्र दुबळे झालेले असल्याने रोटर जास्त मागे पडतो. स्लिप तीन टक्क्यांवरून ४.७ च्या आसपास जाते, आणि रोटरचा लॉस २४० वरून सुमारे ३७५ वॉटवर. स्टेटरचा करंट सतराच्या जवळ पोहोचतो, त्याचा कॉपर लॉस ३३७ वरून ४७० च्या घरात. कोअर लॉस मात्र २५० वरून १६० वर उतरतो. एकूण वाढ पावणेदोनशे वॉटच्या आसपास भरते आणि हजारात ती फार मोठी वाटत नाही. खरी अडचण ती कुठे पडते याची आहे. लोखंडाचे काम हलके झाले, आणि जिथे इन्सुलेशन आहे त्या तांब्यावर १३० वॉट जास्त आले. शिवाय वेग थोडा उतरल्याने पंखाही कमी वारा देतो. ओव्हरलोड रिले नेमप्लेटच्या करंटच्या वर लावून ठेवलेला असेल, तर अशी मोटर एका उन्हाळ्यात जाते. पंपाचा टॉर्क वेगाबरोबर जरा कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे इथल्यापेक्षा थोडे सौम्य असतील, दिशा हीच.

राहिला तो शेवटचा वाटा. चारही लॉस काळजीने मोजून वजा केले, तरी टॉर्क ट्रान्सड्यूसरने शाफ्टवर मोजलेली शक्ती त्या उत्तरापेक्षा कमीच भरते. भार चढला की स्लॉटांच्या दातांपाशी क्षेत्र वाकडेतिकडे होते, त्यातल्या उच्च फ्रीक्वेन्सीच्या लहरी रोटरच्या पृष्ठभागावर आणि सळ्यांत जास्तीचे करंट काढतात, आणि वाइंडिंगच्या टोकांचे क्षेत्र आजूबाजूच्या धातूत शिरते. हा स्ट्रे लोड लॉस. तो नो-लोडला दिसत नाही आणि डीसी रेझिस्टन्समध्येही पकडला जात नाही. चांगल्या प्रयोगशाळेत सहा वेगवेगळ्या भारांवर इनपुट, शाफ्टची शक्ती आणि चारही लॉस मोजून जे उरते ते टॉर्कच्या वर्गासमोर मांडतात आणि त्यातून तो काढतात. ट्रान्सड्यूसर नसेल तर मानकांनी इनपुटचा ठरावीक हिस्सा धरायला परवानगी दिली आहे. साडेसात किलोवॉटच्या मोटरसाठी तो दोन टक्क्यांच्या किंचित वर येतो, आपल्या बाबतीत १७७ वॉट.

तो वजा केला की शाफ्टवर ७५१५ वॉट, टॉर्क ४९.३ न्यूटन-मीटर, कार्यक्षमता ८७.४ टक्के. भारतीय मानकात या मापाच्या चार पोलच्या मोटरला आयई२ साठी ८८.७ आणि आयई३ साठी ९०.४ टक्के लागतात. आपली मोटर दोन्हीच्या खाली आहे. पण ८७.४ मधल्या दशांश चिन्हानंतरच्या चारावर मी पैज लावणार नाही. १७७ वॉट मोजलेले नाहीत, धरलेले आहेत. ते घर्षणाच्या दुपटीहून जास्त आहेत, आणि स्लॉटांची रचना वाईट असलेल्या मोटरमध्ये खरा आकडा याहून बराच मोठा निघू शकतो. म्हणून पहिली प्रकरणे मोजता येणाऱ्या चार लॉसांना दिली आहेत, प्रत्येकी जोडणीच्या आकृतीसह आणि कोऱ्या तक्त्यासह. पाचव्याचे प्रकरण शेवटी आहे, आणि ते वाचण्याआधी निदान एका मोटरची नो-लोडची रेषा स्वतः काढून पाहावी.